सरासरी ७६ आणि रेष ६६: सीसॅट निघण्याची शक्यता घरच्या घरी कशी काढायची

प्रश्न: यूपीएससी पूर्वची तयारी करतोय. सीसॅटचे दहा पेपर वेळ लावून सोडवले. मार्क क्रमाने असे: ५८, ८४, ७१, ६३, ९०, ७७, ६९, ९५, ७४, ८१. सरासरी ७६ येते, पास व्हायला ६६ लागतात. पहिला, तिसरा, चौथा आणि सातवा हे आयोगाचे जुने पेपर, बाकीचे सहा क्लासच्या सिरीजमधले. माझं सीसॅट निघण्याची शक्यता किती धरायची? स्टॅटिस्टिक्स फारसं येत नाही, कागदावर करता येईल असं सांगा.

उत्तर:

दहाही पेपर एकाच पोत्यात टाकले तर उत्तर ८० टक्क्यांच्या आसपास येतं. तुम्हीच दिलेली चार जुन्या पेपरांची माहिती वापरली तर ते ४५ टक्क्यांवर उतरतं. दोन्ही हिशेब कागदावर पाच-दहा मिनिटांत होतात. आधी पहिला करू, म्हणजे पद्धत हातात येईल. मग तो का मोडतो ते पाहू, कारण तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं तेच आहे.

रेष कुठे आहे ते आधी पक्कं करून घ्या. सीसॅटला ८० प्रश्न, २०० मार्क. बरोबर उत्तराला २.५ मिळतात आणि चुकलेल्याला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ कापला जातो. पात्रतेची अट ३३ टक्क्यांची, म्हणजे ६६ मार्क. बरेच जण ६६.६७ धरून चालतात, पण तो एक तृतीयांश झाला. ही रेष हलत नाही, म्हणूनच सीसॅटला हा हिशेब इतका सरळ लागू पडतो.

पहिली पायरी निव्वळ मोजण्याची. दहापैकी किती वेळा ६६ किंवा जास्त आले? ५८ आणि ६३ सोडून बाकी सगळे, म्हणजे आठ वेळा. दहात आठ म्हणजे ८० टक्के म्हणण्याआधी एक छोटी दुरुस्ती करा: जमलेल्या वेळांत १ आणि एकूण वेळांत २ मिळवा. नऊ भागिले बारा, म्हणजे ७५ टक्के. ही दुरुस्ती थोड्या पेपरांवरून टोकाचा निष्कर्ष निघू नये म्हणून. एखाद्याचे दहापैकी दहा पेपर रेषेवर असले तर १०० टक्के म्हणणं चुकीचं आहे, अकरावा पेपर अजून झालेला नाही. दुरुस्ती केल्यावर त्याचे अकरा भागिले बारा, म्हणजे ९२ टक्के येतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

पण नुसत्या मोजणीत एक उणीव आहे. ६७ आणि ९५ या दोन्हींना ती सारखंच ‘पास’ म्हणते. म्हणून दुसरी पायरी: तुमचे मार्क सरासरीच्या भोवती किती पसरतात ते पाहायचं. याला मी ‘पसारा’ म्हणतो. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन म्हणतात, पण वर्ग आणि वर्गमूळ न करताही तो पुरेसा नीट काढता येतो.

सरासरी ७६ धरा आणि प्रत्येक पेपर तिच्यापासून किती लांब आहे ते लिहा, वर की खाली ते विसरून. ५८ हा १८ ने लांब, ८४ हा ८ ने, ७१ हा ५ ने, मग १३, १४, १, ७, १९, २ आणि ५. बेरीज ९२, दहाने भागले की ९.२. म्हणजे तुमचा पेपर सरासरीपासून साधारण ९ मार्क इकडे किंवा तिकडे पडतो. याला सव्वापट करा: ११.५. हा तुमचा पसारा. वर्ग-वर्गमूळ करून काढलात तर ११.६ येईल, म्हणजे काहीच बिघडलं नाही.

याहून झटपट ठोकताळाही आहे: सर्वात जास्त वजा सर्वात कमी, भागिले ३. तुमच्या बाबतीत ९५ वजा ५८ म्हणजे ३७, तिसरा हिस्सा १२ च्या जरा वर. हा ३ चा आकडा दहा पेपरांसाठी आहे, हे लक्षात ठेवा. पेपर वाढले की टोकंही लांब जातात, म्हणून भाजक बदलतो: चार पेपर असतील तर २, पाच असतील तर २.३, सहा असतील तर २.५, वीस असतील तर ३.७. दोन्ही रीतींनी आकडा जवळपास सारखा आला तर समजा की हिशेब चुकलेला नाही. फार वेगळा आला तर बहुधा एखादा पेपर एकटाच कुठेतरी लांब जाऊन बसलाय. तो पेपर उघडून पाहा.

तिसरी पायरी: सरासरी रेषेच्या किती वर आहे ते पसाऱ्याच्या मापात मोजा. ७६ वजा ६६ म्हणजे १०. पसारा १२ धरला तर १० भागिले १२, म्हणजे ०.८३. अंतर पाऊण पसाऱ्याच्या थोडं वर. आता हा तक्ता वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा, वर्षभर पुरेल:

| सरासरी रेषेच्या किती पसारे वर | रेष ओलांडण्याची शक्यता |
|---|---|
| ० (सरासरी रेषेवरच) | ५० टक्के |
| पाव | ६० टक्के |
| अर्धा | ६९ टक्के |
| ०.८५ | ८० टक्के |
| १ | ८४ टक्के |
| १.३ | ९० टक्के |
| १.६५ | ९५ टक्के |
| २ | ९८ टक्के |

सरासरी रेषेच्या खाली असेल तर तोच आकडा १०० मधून वजा करायचा. पाव पसारा खाली म्हणजे ४० टक्के, एक पसारा खाली म्हणजे १६.

तुमचं ०.८३ या तक्त्यात ८० टक्क्यांच्या किंचित खाली बसतं. मोजणीने ७५ दिले, पसाऱ्याने जेमतेम ८०. दोन वेगळ्या वाटांनी जवळच्याच ठिकाणी आलो, त्यामुळे चारात तीन ते पाचात चार असं म्हणायला हरकत नसावी. टक्क्याच्या पुढे दशांश काढत बसू नका. दहा पेपरांवरून ७८ आणि ८१ मधला फरक कुणालाच कळत नाही.

आता हा हिशेब मोडू या.

वरच्या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती: दहाही पेपर एकाच जातीचे आहेत आणि परीक्षेतला पेपरही त्याच जातीचा असेल. तुमचे पेपर दोन जातींचे आहेत हे तुम्हीच सांगितलंय. ते दोन रकान्यांत लिहा.

आयोगाचे: ५८, ७१, ६३, ६९. सरासरी ६५.

सिरीजचे: ८४, ९०, ७७, ९५, ७४, ८१. सरासरी ८३.५.

सिरीजचा सर्वात कमी मार्कांचा पेपर, ७४, हाही आयोगाच्या सर्वात चांगल्या पेपरच्या, ७१ च्या, वर आहे. दोन रकाने एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. म्हणजे ७६ ही सरासरी या दोन गटांच्या मधल्या मोकळ्या जागेची आहे, तुमच्या कुठल्याच खऱ्या पातळीची नाही. १२ चा पसाराही तसाच फुगलेला आहे, त्यातला मोठा भाग या दोन गटांतल्या अंतराचा आहे. एकेक गट वेगळा धरून पसारा काढा. सिरीजचा ९५ वजा ७४ म्हणजे २१, भागिले २.५, सव्वाआठच्या थोडा वर. आयोगाचा ७१ वजा ५८ म्हणजे १३, भागिले २, साडेसहा. चार पेपरांवरून काढलेला पसारा फारसा भरवशाचा नसतो, त्यामुळे दोन्ही आकडे पाहून ८ धरू.

परीक्षेला बसवणार आयोग, सिरीजवाले नव्हेत. म्हणून हिशेब आयोगाच्या रकान्यावरून: ६५ वजा ६६ म्हणजे उणे १, भागिले ८, म्हणजे पसाऱ्याच्या आठव्या भागाइतकी सरासरी रेषेच्या खाली. शक्यता ४५ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जरा कमी. मोजणीचंही तेच म्हणणं आहे: चारपैकी दोन वेळा रेष ओलांडली, दुरुस्तीनंतर तीन भागिले सहा, म्हणजे निम्मी.

४५ हा आकडाही पक्का समजू नका. चार पेपरांची सरासरी स्वतःच डळमळीत असते. ती किती हलू शकते हे काढायला पसाऱ्याला पेपरांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा: ८ भागिले २, म्हणजे ४. तुमची खरी पातळी ६१ असू शकते, ६९ ही असू शकते. ६१ असेल तर शक्यता २७ टक्क्यांच्या आसपास, ६९ असेल तर ६५. म्हणजे आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की शक्यता पाव आणि दोन तृतीयांश यांच्या मध्ये कुठेतरी आहे. हे उत्तर ढोबळ वाटेल, पण ‘सरासरी ७६ आहे, सीसॅटचं टेन्शन नाही’ यापेक्षा ते फार वेगळं आहे, आणि तुमच्या हातातल्या माहितीतून एवढंच निघतं.

सिरीजचे पेपर बिनकामाचे आहेत असं मात्र नाही. वेळेची सवय, चुकांची वही यांसाठी ते ठीक आहेत. फक्त त्यांचे मार्क या हिशेबात धरू नका. तुमच्या बाबतीत ते आयोगाच्या पेपरपेक्षा १८ मार्कांनी वर येतात. हा फरक तुमचा आणि त्या सिरीजचा आहे, दुसऱ्या सिरीजला वेगळा निघेल, कदाचित उलट्या दिशेनेही. एमपीएससीच्या सीसॅटचे पेपर सोडवत असाल तर तेही तिसऱ्या रकान्यात जातील: तिथे उतारे मराठीतून मिळतात आणि चुकीला एक चतुर्थांश कापतात. यूपीएससी पूर्वचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्याला उतारा वाचायला लागणारा वेळच दोन्हीकडे वेगळा असतो, मग मार्क एका रकान्यात कसे बसतील?

आणखी एका ठिकाणी या दोन रकान्यांनी तुम्हाला फसवलं असतं. बहुतेक जण पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा अशी सरासरी काढून ‘सुधारणा होतेय’ म्हणतात. तुमच्या पहिल्या पाचांची सरासरी ७३, पुढच्या पाचांची ७९. सहा मार्कांची सुधारणा दिसते. पण पहिल्या पाचांत आयोगाचे तीन पेपर होते आणि पुढच्या पाचांत एकच. सिरीजचे पेपर वेगळे काढले तर पहिले दोन ८४ आणि ९०, सरासरी ८७. नंतरचे चार ७७, ९५, ७४, ८१, सरासरी ८२. आयोगाचे पहिले तीन सरासरी ६४, चौथा ६९. एकीकडे थोडं खाली, दुसरीकडे थोडं वर. सुधारणा म्हणावी असं काही नाही, फक्त सोपे पेपर नंतर आले. सुधारणा मोजायची असेल तर एकाच रकान्यात मोजा, आणि दोन अर्ध्यांतला फरक निदान एका पसाऱ्याएवढा झाल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकू नका. त्याहून कमी फरक चार-पाच पेपरांच्या गटांत नुसत्या योगायोगानेही सहज पडतो.

पेपर रकान्यात घ्यायचा की नाही, याचा एक नियम कडक पाळा: निर्णय मार्क बघायच्या आधी. ‘त्या दिवशी झोप झाली नव्हती, तो ५८ सोडून द्या’ हे मार्क कळल्यावर सुचलं असेल तर त्याला किंमत नाही, कारण चांगले मार्क आलेल्या दिवशी झोप कशी झाली होती ते कुणी आठवत नाही. खालचा एक पेपर काढला की सरासरी वर जाते आणि पसाराही आवळतो. दोन्ही बाजूंनी शक्यता फुगते. तुमच्याच चारातला ५८ गाळला तर उरलेल्या तिघांची सरासरी ६८ होते, आणि तक्ता ४५ च्या जागी ६० टक्के दाखवतो. एका खोडरबराने पंधरा टक्के.

उलट काही पेपर आधीच बाद करावेत असे असतात. ज्या जुन्या पेपरातले प्रश्न यूट्यूबवर नाहीतर क्लासमध्ये पाहून झालेत तो पेपर. मध्ये उठून, फोन घेऊन, दोन बैठकांत सोडवलेला पेपर. २०११ ते २०१४ चे पेपरही हिशेबाच्या रकान्यात घेऊ नका. सीसॅट २०११ ला आलं आणि २०१५ पासून ते फक्त पात्रतेपुरतं झालं. नंतरच्या पेपरांचा, विशेषतः गणिताचा, सूर वेगळा आहे. २०२३ चा पेपर घाम काढणारा होता म्हणून तो वगळावा असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. तसा पेपर पुन्हा येऊ शकतो, आणि नेमकी तीच शक्यता आपल्याला मोजायची आहे.

वेळही पाहा. परीक्षेत सीसॅट दुपारी अडीच ते साडेचार असतं, सकाळी साडेनऊला जीएसचा पेपर देऊन झाल्यावर. सकाळी ताज्या डोक्याने सोडवलेलं सीसॅट ही पुन्हा वेगळी जात झाली. दोन मार्कांचा फरक पडेल की दहाचा, ते माणसागणिक बदलतं. म्हणून पुढचे पेपर सकाळी जीएस सोडवून, जेवून, दुपारी अडीचलाच लावा.

आता शक्यता वाढवायची कशी, हेही याच हिशेबातून निघतं. रेषेपासूनचं अंतर भागिले पसारा, एवढीच गोष्ट आहे. म्हणजे एकतर सरासरी वर न्या, नाहीतर पसारा कमी करा. सरासरी ७६ आणि पसारा १२ असलेल्याने पाच मार्क वाढवले तर १५ भागिले १२, सव्वा, शक्यता ९० च्या जवळ. सरासरी तीच ठेवून पसारा १२ वरून ८ वर आणला तरी १० भागिले ८, तेच सव्वा. त्याच्यासाठी चार मार्कांनी पसारा आवळणं आणि पाच मार्कांनी सरासरी वाढवणं सारख्याच मोलाचं आहे. ही गोष्ट नुसत्या सरासरीकडे पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही.

पसारा येतो कुठून? एक भाग पेपरच्या अवघडपणाचा, तो आपल्या हातात नाही. दुसरा मोठा भाग तुक्क्यांचा, आणि तो पूर्णपणे हातात आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारात एकदा २.५ मिळतात आणि तीनदा ०.८३ जातात. बेरीज शून्य. असे १६ प्रश्न ठोकले तर सरासरीत काहीच पडत नाही, पण त्या सोळांतूनच साधारण ६ मार्कांचा पसारा तयार होतो: एका पेपरात सहा वर, दुसऱ्यात सहा खाली. दोन पर्याय खात्रीने उडवून उरलेल्या दोनांतून निवडलं तर मात्र प्रत्येक प्रश्नाला सरासरी ०.८३ चा फायदा आहे. असे १६ प्रश्न म्हणजे १३ मार्क. पसारा तिथेही वाढतो, पण १३ मार्कांच्या बदल्यात तो परवडतो.

म्हणून जो रेषेच्या बऱ्यापैकी वर आहे त्याने आंधळे तुक्के सोडून द्यावेत. मिळकत शून्य आणि धोका उगाच. जो रेषेच्या बराच खाली आहे त्याचं गणित उलटं: सरासरी ६० आणि पसारा ६ असेल तर तो एक पसारा खाली, शक्यता १६ टक्के. पसारा १२ झाला तर तो अर्धाच पसारा खाली, शक्यता ३१. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले गोळे भरण्याने त्याचं काही जात नाही, झाला तर फायदाच. हे लोकांना खटकतं, पण आकडे तेच सांगतात. तुम्ही रेषेवरच आहात, त्यामुळे तुमच्यासाठी आंधळा तुक्का ना तोट्याचा ना फायद्याचा. तो विषय बाजूला ठेवा आणि सरासरीकडे बघा.

तुम्हाला किती वर जायला हवं? ९० टक्के शक्यता हवी असेल तर सरासरी रेषेच्या १.३ पसारे वर लागते. ८ ला १.३ ने गुणा, साधारण साडेदहा. ६६ मध्ये मिळवले की ७६.५. म्हणजे तुम्ही सुरुवातीला लिहिलेला ७६ हा आकडा लक्ष्य म्हणून योग्यच आहे, फक्त तो आयोगाच्या पेपरांवर यायला हवा. आज तिथे ६५ आहे. ११-१२ मार्कांचं अंतर ऐकायला मोठं वाटतं, प्रश्नांत मोजलं तर नाही. चुकणारा एक प्रश्न बरोबर आला की ३.३३ मार्क वाढतात, सोडलेला बरोबर आला की २.५, चुकणारा सोडून दिला की ०.८३. चुकणाऱ्यांपैकी सहा सोडून दिले आणि आज सुटणाऱ्यांच्या जोडीला नवे तीन बरोबर आणले, की पाच आणि साडेसात, साडेबारा मार्क झाले.

कोणते सहा आणि कोणते तीन, हे कळायला पुढच्या पेपरापासून प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करा: खात्रीचं असेल तर टिक, दोनांतून निवडलं असेल तर ‘२’, आंधळं असेल तर ‘०’. तपासताना तिन्ही खुणा वेगळ्या मोजा. ‘टिक’वाल्यांत दहापैकी दोन-तीन चुकत असतील तर गळती घाईत किंवा उताऱ्याच्या वाचनात आहे. ‘२’वाल्यांत निम्म्याहून कमी बरोबर येत असतील तर तुम्ही पर्याय उडवताय ते चुकीचे उडवताय. हे दुसरं बऱ्याच जणांच्या बाबतीत निघतं, विशेषतः उताऱ्यांच्या प्रश्नांत, जिथे व्यवहारात खरं असलेलं पण उताऱ्यात न लिहिलेलं विधान बरोबर वाटून जातं.

जीएसलाही हीच रीत लावता येईल का, असं मनात येईल. येते, पण तिथे रेषच हलते. खुल्या गटाचा पूर्वचा कटऑफ २०१९ ला ९८ होता, मग ९२.५१, ८७.५४, ८८.२२, २०२३ ला एकदम ७५.४१ आणि २०२४ ला ८७.९८. सहा वर्षांत टोकापासून टोकापर्यंत साडेबावीस मार्क, भागिले २.५, म्हणजे कटऑफचा स्वतःचा पसारा ९. तुमचा पसारा १२ असेल तर दोन्ही मिळून २१ होत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखे ते मिळवायचे: १२ चा वर्ग अधिक ९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १५. अंतर या १५ ने भागा. हा आकडा थोडा जास्तच निघतो, कारण पेपर अवघड आला की तुमचे मार्क आणि कटऑफ दोन्ही एकाच वेळी खाली येतात, मधलं अंतर तितकं बदलत नाही. सीसॅटला ही सवलत नाही. पेपर कितीही कठीण आला तरी ६६ म्हणजे ६६.

तुमच्यापुरतं आत्ताचं काम असं. २०१५ नंतरचे जे पेपर अजून पाहिलेले नाहीत ते मोजा. त्यातले दोन शेवटच्या पंधरवड्यासाठी कुलपात ठेवा आणि बाकीच्यांपैकी चार, आठवड्याला एक, दुपारी अडीचला सोडवा. प्रत्येक पेपरच्या आधी कागदावर दोन आकडे लिहा: किती मार्क येतील असं वाटतं आणि ६६ ओलांडण्याची शक्यता किती. तपासून झालं की शेजारी खरे मार्क लिहा. चारही वेळा खरा आकडा अंदाजाच्या खालीच निघाला तर पसारा वगैरे नंतर, आधी तुमचा अंदाजच वर झुकलेला आहे.

समजा ते चार ७२, ६६, ७९, ७० आले. आधीच्या चारांसह आठ पेपरांची सरासरी ६८.५ होईल, पसारा ७ च्या आसपास. अडीच भागिले सात, पाव आणि अर्ध्याच्या मधोमध, शक्यता ६४ टक्के. नव्या चारांची सरासरी ७२ च्या जवळ आणि जुन्यांची ६५, फरक एका पसाऱ्याला टेकत आलेला, पण पूर्ण झालेला नाही. त्यामुळे ‘आता माझी पातळी ७२’ असं धरून जीएसकडे वळू नका. सीसॅटचा रोजचा तास तसाच चालू ठेवा आणि कुलपातले दोन पेपर काढले की हाच हिशेब दहा पेपरांवर पुन्हा करा. तेव्हा भाजक ३ असेल.